पहाटे चारचा अलर्ट: सॉकमधली नाईट शिफ्ट माणसाला का थकवते?

सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ‘सॉक’. इथे कंपनीच्या सर्व्हर आणि लॅपटॉपवर चोवीस तास नजर ठेवतात, त्यामुळे नाईट शिफ्ट बहुतेकांना चुकत नाही. झोपेचे हाल होतातच, पण माणूस जास्त थकतो तो रोज तोच खोटा अलर्ट बंद करून.

समजा, बॅकअप घेणाऱ्या अकाउंटचा पासवर्ड बदलला, पण स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. आता दर पाच मिनिटांनी लॉगिन फसतं आणि विंडोजच्या 4625 इव्हेंटचा अलर्ट येतो. आठ तासांत असे 96 अलर्ट! तिसऱ्या रात्री तुम्ही ते न वाचताच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणून बंद करायला लागता. पहाटे 3 ते 5 या वेळात शरीर सगळ्यात सुस्त असतं. नेमका तेव्हाच त्याच अकाउंटचा अलर्ट दुसऱ्याच लॅपटॉपवरून येतो आणि पाठोपाठ 4624, म्हणजे लॉगिन यशस्वी. हा खरा हल्ला असू शकतो, पण यादीत तो बाकीच्यांसारखाच दिसतो.

म्हणून जुने अ‍ॅनालिस्ट एक सवय लावायला सांगतात: अलर्ट बंद करण्याआधी एका ओळीत कारण लिहायचं. कुठलं अकाउंट, कुठल्या मशीनवरून, खोटा का. ‘नेहमीचाच आहे’ हे कारण नव्हे. ओळ लिहिता येत नसेल तर अलर्ट परत उघडायचा.

दुसरी सवय म्हणजे शिफ्ट संपायच्या आत स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या टीमला तिकीट टाकायचं. दुरुस्ती होईपर्यंत अलर्ट गप्प करायचाच असेल तर फक्त ते अकाउंट, तोच सर्व्हर आणि फसलेलं लॉगिन एवढ्यापुरताच, तोही शेवटची तारीख घालून. अख्खं अकाउंट गप्प केलंत तर खरा अलर्टही दिसणार नाही.

झोपेचं गणित सोपं आहे. कॉफीतलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनंतरही अंगात असतं, म्हणून कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या. ब्रेकमध्ये वीस मिनिटांची डुलकी चालते, पण तेवढा वेळ सहकाऱ्याने यादी बघायला हवी. उठल्या उठल्या मोठा निर्णय घेऊ नका. शिफ्ट बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम शरीराला जास्त झेपतो.

बर्नआउट ओळखायचा कसा? आठवड्याच्या शेवटी आपल्याच नोट्स वाचा. सोमवारी पूर्ण वाक्य आणि शुक्रवारी नुसतं ‘ओके’ दिसत असेल, आणि सुट्टीत झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल, तर तो इशारा समजा. मग कोणत्या नियमाने किती खोटे अलर्ट दिले ते मोजून लीडला दाखवा. माणसंच कमी असतील तर नुसत्या चांगल्या सवयींनी ते भरून निघत नाही. रोस्टर बदलावंच लागतं.