पद्मिनी भंगारात जाते तेव्हा

मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी 'प्रीमियर पद्मिनी' आता इतिहासजमा झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला रजा मिळाली. पण रजा मिळालेल्या गाडीचे पुढे होते काय?

मोडणीच्या कारखान्यात हातोड्याची पाळी बऱ्याच उशिरा येते. आधी बॅटरी निघते, कारण तिची एक ठिणगीही पेट्रोलच्या वाफेला पुरते. मग सी.एन.जी.ची टाकी. भरलेल्या टाकीत दाब वातावरणाच्या दोनशेपट असतो, त्यामुळे ती रिकामी केल्याशिवाय जवळपास गॅसकटर पेटवायचा नाही. त्यानंतर पेट्रोल, इंजिन ऑइल, गिअरचे तेल, ब्रेकचे तेल असे सारे वेगवेगळ्या डब्यांत उतरवतात. हे सगळे एकत्र झाले की पुनर्वापराची किंमत जाते. घाईत सोडलेले तेल गटारात जाते, नाहीतर जमिनीत मुरते. जुन्या भंगारवाड्याची काळी, चिकट माती पाहिली की तिथले काम कसे चालते ते कळते!

मग सुटे भाग निघतात. दरवाजे, काचा, दिवे, डायनॅमो यांना गिऱ्हाईक असते. मात्र ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे झिजलेले भाग स्वस्त मिळाले तरी आपण घेऊ नयेत. त्यांची झीज वरून दिसत नाही.

यापुढचे काम किचकट आणि कंटाळवाणे, म्हणून ते टाळले जाते. ते म्हणजे तांब्याच्या तारा ओढून काढणे. समजा, सांगाड्यात सहाशे किलो पोलाद आहे आणि त्यात दीड किलो तांबे राहून गेले. प्रमाण अवघे पाव टक्का. पण भट्टीत वितळलेल्या लोखंडातून तांबे पुन्हा वेगळे काढता येत नाही. मग तापलेले पोलाद लाटताना पृष्ठभागावर भेगा पडतात. असा माल गाडीच्या पत्र्याला चालत नाही, फार तर सळईला जातो.

तारा काढलेला सांगाडा दाबून त्याचा गठ्ठा करतात किंवा श्रेडर यंत्रात टाकतात. आतले जड हातोडे गरगर फिरून त्याचे मुठीएवढे तुकडे करतात. चुंबक लोखंड उचलतो, उरलेल्यातून अ‍ॅल्युमिनियम निवडतात. शेवटी फोम, रबर, प्लॅस्टिक यांचा भुगा उरतो. त्याला भाव नाही, त्याची विल्हेवाट लावणे हीच कारखान्याची डोकेदुखी.

गाडीमालकाचे लक्ष मात्र चासी क्रमांकावर हवे. तो पत्रा कापून वेगळा काढला नाही, तर चोरीच्या गाडीवर बसवता येतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत केंद्र गाडी ताब्यात घेतानाच ठेव प्रमाणपत्र देते आणि मोडल्यावर वाहन भंगार केल्याचे दुसरे प्रमाणपत्र देते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला रोखीत गाडी दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर सरकारदप्तरी ती आपल्याच नावावर धावत राहते.