तारेखालचा ऊस

उसाच्या फडाला आग लागण्याचे दिवस ठरलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, तेव्हा आडसाली ऊस सोळा-सतरा महिन्यांचा होऊन तोडीला आलेला असतो. पुढे पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशी तोड मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तोड जवळ आली की शेतकरी पाणी तोडतो, म्हणजे जमीन वाळते. उसाची खालची पानेही तोपर्यंत वाळून बुडाशी लोंबत असतात. हेच पाचट. एका हेक्टरवर त्याचे वजन साधारण आठ ते दहा टन भरते. उसाच्या कांडीत पाणी असल्याने ती सहज पेटत नाही. पेटते ते पाचट, आणि ते जमिनीपासून शेंड्यापर्यंत शिडीसारखे लागलेले असल्यामुळे बुडाला लागलेली आग काही क्षणांत शेंड्याला पोहोचते. दुपारच्या वाऱ्यात असा फड पेटला, तर दोन-तीन एकर जळायला फार वेळ लागत नाही.

ही आग बहुतेक वेळा वरून तरी येते किंवा शेजारून तरी. वरून म्हणजे विजेच्या तारांतून. शेतावरून जाणाऱ्या दोन प्रकारच्या लाइन शेतकऱ्याला ठाऊक असतात. एक ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टची उच्चदाब लाइन, जी डीपीपर्यंत येते. दुसरी डीपीतून निघून मोटारींपर्यंत जाणारी लघुदाब लाइन. फडांना धोका जास्त असतो तो या दुसरीचा, कारण तिच्या उघड्या तारा एकमेकींपासून फार लांब नसतात आणि तिच्या देखभालीला कोणी क्वचितच फिरकते. काळ्या जमिनीत खांब कलतो, ताण तार तुटते, दोन खांबांतील तारेला झोळ पडतो. दुपारचे ऊन आणि मोटारींचा भार यांनी तार आणखी तापून लांबते. अशात वाऱ्याची एक झुळूक आली की झोळ पडलेल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि ठिणग्या उडतात.

या ठिणग्या म्हणजे नुसता उजेड नसतो. तार ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. तारा घासल्या त्या जागी धातूचे थेंब सुटतात आणि तापलेल्या स्थितीतच खाली पाचटावर पडतात. तारा जमिनीपासून किती उंच असाव्यात याचा नियम आहे. रस्ता सोडून इतरत्र, ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेसाठी तो किमान ४.६ मीटर सांगतो. ही उंची माणसाला आणि बैलगाडीला पुरते. पण चांगला वाढलेला आडसाली ऊस तुऱ्यासह चार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे नियमात बसणारी लाइनही उसाच्या शेंड्यापासून जेमतेम दोन फुटांवर राहते. झोळ पडलेली लाइन तर पानांनाच टेकते.

ठिणगी पडली तरी लाइन लगेच बंद पडली, तर नुकसान थोडक्यात टळू शकते. त्यासाठीच डीपीच्या पेटीत किटकॅट फ्यूज असतो. दोन तारा चिकटल्या की प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूजची बारीक तार वितळून वीज तुटते. प्रत्यक्षात अनेक डीपींवर तिथे जाड तार किंवा ॲल्युमिनियमच्या दोन-तीन पिळ्या घातलेल्या असतात. वारंवार फ्यूज जातो, रात्री वायरमन येत नाही, पाणी तर द्यायचे असते, म्हणून शेतकरीच हे करतात. मग तारा चिकटल्या तरी वीज चालूच राहते आणि थेंबामागून थेंब पडत राहतो. मोटारींना लावलेले ऑटो स्विच यात भर घालतात: वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि त्या झटक्याने सैल जोड तापून ठिणग्या टाकतात. लाइन कंपनीची असली, तरी डीपीतली जाड तार गावानेच घातलेली असते, आणि नंतर भरपाईच्या चौकशीत तीच अडचण होऊन बसते.

शेजारून येणारी आग बहुधा पाचटाची किंवा बांधाच्या गवताची असते. तोड झाली की रानात पाचटाचा थर उरतो. खोडव्याला मोकळे रान मिळावे, नांगर अडकू नये म्हणून तो पेटवला जातो. पाचट हलके असते. जळते पान वाऱ्यावर उडून बांध ओलांडते आणि शेजारच्या उभ्या उसात पडते. पेटवणाऱ्याचेही नुकसान कमी होत नाही. पाचटातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळे धुरात जाते, फक्त पालाशासारखी खनिजे राखेत उरतात, आणि जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. त्याऐवजी पाचट सरीत ठेवून कुजवण्याची पद्धत आहे. तोडणीनंतर उसाचे बुडखे जमिनीलगत छाटतात, पाचट सरीत पसरतात आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी देतात. पाचट दबून ओले झाले की ते पेटण्याची शक्यताही कमी होते. पहिले पाणी मिळेपर्यंत मात्र सरीतले कोरडे पाचट जळणासारखेच असते, म्हणून डीपी आणि लाइनखालचे पाचट आधी बाजूला ओढून ठेवावे लागते.

उभ्या पिकात आगीचे इंधन कमी करण्याचा मार्ग हाच. सहा-सात महिन्यांच्या उसाची खालची वाळलेली पाने काढून सरीत टाकली, तर जमिनीपासून शेंड्यापर्यंतची ती शिडी तुटते. त्याहून उपयोगी पडते लाइनखालची पट्टी. एक उदाहरण घेऊ. एक एकर ऊस आहे आणि त्यावरून २०० फूट लांबीची लघुदाब लाइन जाते. लाइनच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट, म्हणजे एकूण २० फूट रुंदीची पट्टी ऊस न लावता ठेवली तर ४ हजार चौरस फूट, म्हणजे पावणेचार गुंठ्यांच्या आत जागा जाते. एकरी ४० टन उत्पादन आणि टनाला ३ हजार रुपये दर धरला, तर त्या पट्टीतून साधारण ११ हजार रुपयांचा ऊस आला असता. उरलेल्या रानातला ऊस असतो एक लाखाहून जास्त रकमेचा. पट्टीत कांदा, हरभरा, भुईमूग किंवा हिरवा चारा घेता येतो, त्यामुळे ११ हजारही पूर्ण जात नाहीत. पट्टी घेतली म्हणजे फड पूर्ण सुरक्षित झाला असे नाही, कारण जोराच्या वाऱ्यात थेंब बाजूला जातो. पण बहुतेक थेंब तारेच्या जवळपासच पडतात, आणि तिथे पाचट नसले तर ते विझून जातात.

सैल लाइनची तक्रार तोंडी करून भागत नाही. ती गाळप सुरू होण्याआधी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तारांमध्ये स्पेसर बसवणे, झोळ ओढून घेणे, कललेला खांब सरळ करणे ही फार खर्चाची कामे नाहीत. कामे झाली नाहीत, तर हाच पोच घेतलेला कागद पुढे कामाला येतो.

आग लागल्यावर पहिले काम वीज बंद करण्याचे. १९१२ या क्रमांकावर किंवा उपकेंद्रात फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारांखाली पाण्याचा फवारा मारू नये. दुसरे, पेटत्या फडात शिरू नये. उंच उसात धुरामुळे दिशा कळत नाही, वारा फिरला की माणूस आगीत सापडतो, आणि फड विझवायला गेलेल्या शेतकऱ्यांचे जीव असेच गेले आहेत. उपयोगाचे काम आगीच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला असते. आग पोहोचायला पुरेसा वेळ असेल, तर तिथल्या काही ओळी तोडून आडव्या बाजूला ओढायच्या, पाचट हटवून मोकळा पट्टा करायचा आणि ब्लोअरने पुढचा ऊस भिजवायचा.

आग विझली की पुरावा जपण्याचे काम सुरू होते, आणि इथेच बहुतेक शेतकरी चुकतात. वायरमन येऊन तारा ओढून नीट करतो, त्याबरोबर आगीचे कारणही पुसले जाते. दुरुस्तीआधी तारांचे, झोळाचे, डीपीचे आणि खाली पडलेल्या धातूच्या मण्यांचे फोटो काढून ठेवावे लागतात. तारा घासल्या तिथे तारेवर खड्डे पडलेले दिसतात. आग कुठून सुरू झाली तेही रान सांगते: सर्वांत आधी पेटलेली जागा लाइनखाली असते आणि जळीत तिथून वाऱ्याच्या दिशेने रुंद होत जाते. त्या वेळी फीडरवर वीज चालू होती की नाही आणि तो ट्रिप झाला का, याची नोंद उपकेंद्रात असते. शेतीची वीज पाळीने मिळत असल्याने ही नोंद फार महत्त्वाची ठरते.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात खबर, ग्राम महसूल अधिकाऱ्याचा पंचनामा, महावितरणला लेखी अर्ज आणि विद्युत निरीक्षकांना पत्र, अशी कागदांची साखळी हवी. विद्युत निरीक्षक हा राज्य शासनाचा अधिकारी. आगीचे कारण लाइन होती का, यावरचा त्याचा अहवाल भरपाईच्या दाव्याचा कणा असतो. त्यासोबत सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, कारखान्याकडची ऊस नोंद आणि मागील हंगामाच्या वजन पावत्या जोडतात. कंपनीने दाद दिली नाही, तर वीजग्राहक शेतकऱ्याला ग्राहक आयोगात जाता येते. त्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.

जळालेला ऊस मात्र दोन वर्षे थांबत नाही. आगीने कांडीवरचा मेणाचा थर जातो, साल तडकते, तिथून जिवाणू शिरतात आणि साखर फुटू लागते. कांडीतून चिकट रस पाझरणे आणि आंबूस वास येणे ही त्याची खूण. तोडल्यावर हा ऱ्हास वेगाने होतो. म्हणून वाहन आणि कारखान्याची वेळ नक्की होईपर्यंत जळीत ऊस उभाच ठेवावा आणि तोडला की २४ तासांत गाळपाला जाईल असे पाहावे. त्यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागाला त्याच दिवशी कळवावे लागते, कारण जळीत फडाला तोडीत अग्रक्रम मिळतो, पण दरात कपातही होते. टोळीला वाढे मिळत नाहीत, म्हणून तीही वरचे पैसे मागते. वर घेतलेल्या उदाहरणात वजन १५ टक्के घटले आणि दर १० टक्के कापला गेला असे धरले, तर ४० टनांचे ३४ टन होतात, दर २७०० रुपये होतो आणि १ लाख २० हजारांऐवजी हाती येतात ९१ हजार ८००. हा २८ हजारांचा फरक भरपाईच्या दाव्यात दाखवायचा असतो, म्हणून जळीत उसाची वजन पावतीही जपून ठेवावी. ठिबकच्या नळ्या वितळल्या असतील, तर त्यांची बिले वेगळी जोडावीत.

ऊस सहा-सात महिन्यांचाच असताना जळाला, तर गाळपाला पाठवण्यासारखे काहीच नसते. शेंडा करपलेला असल्याने तो उभा ठेवून वाढतही नाही. अशा वेळी सगळा ऊस जमिनीलगत छाटून पाणी आणि खोडव्याचा खताचा हप्ता दिला, तर जमिनीखालचे डोळे बहुधा जिवंत असतात आणि दोन-तीन आठवड्यांत फुटवे वर येतात. ते विरळ असतील, तर तेवढ्या जागी रोपे लावून नांग्या भरतात. पीक लांबते, पण बेणे आणि नांगरट यांचा खर्च वाचतो.