मृगातलं पापलेट

नांदेडच्या मासळी बाजारात सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागलंय. मृग लागलाय, पाऊस अजून नाही. तेलंगणाला लागून असलेल्या या पट्ट्यात मृग लागला की मासे खायचे, असं मानणारी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही. थर्माकोलच्या खोक्यांतून बर्फाचं पाणी सांडतंय आणि खालच्या फरशीवरून सगळ्यांच्या चपलांखालून वाहतंय.

“पापलेट एकशे ऐंशी! एकशे ऐंशी!” एक पोरगा ओरडतोय. माझी आक्का थांबते. मी लातूरहून तिच्याकडे आलोय आणि भाच्याला कबूल केलंय की आज पापलेट. टोपल्यातला मासा गोल, चपटा, ताटलीएवढा. पोटाकडे लालसर झाक आहे.

“हे पापलेट?” आक्का विचारते.

“पापलेटच की, ताई. काय बघायलाव एवढं?”

मी एक उचलतो आणि खालचा ओठ अंगठ्यानं ओढतो. आत माणसाच्या दाढांसारखे रुंद दात. पाठीवरचा मोठा पर संपल्यावर शेपटीच्या अलीकडे मांसाचा एक छोटासा पर वेगळा उभा आहे. हा रूपचंद. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, आता आपल्याकडे तळ्यांत वाढवतात. खायला वाईट नाही, पण रोहूसारखे बारीक काटे त्यालाही असतात. पापलेटचं तोंड एवढंसं, दात दिसतील न दिसतील असे, पोटाखालचे पर नाहीतच, आणि चंदेरी खवले बोट लावलं की हाताला चिकटतात. पोरगा हसतो. “लोक पापलेट म्हणूनच मागतात, दादा.” एकशे ऐंशीत मासा महाग नाही, नाव महाग आहे.

खरं पापलेट पलीकडच्या दुकानात आहे, शीतपेटीत, दगडासारखं. किलोला अकराशे. दुकानदार प्रामाणिक आहे, “गोठवलेलं आहे” हे तोच आधी सांगतो. दुसरं काय असणार? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनपर्यंत चालते. म्हणजे मृगाच्या या दिवसांत दोन्हीकडचे ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले. बिनयंत्राच्या होड्यांना मुभा आहे, पण त्यांची मासळी बंदराजवळच संपते, नांदेडपर्यंत कुठून यायची? २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं, तेही हा मासा कमी होत चालला म्हणून. ताजं असतं तर कल्ल्यापाशी दाबून पाहिलं असतं. पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. गोठलेल्या माशाला ती परीक्षा लागू नाही. त्याचा रंग पाहायचा. पोटाच्या कडेला पिवळट छटा असेल तर आतली चरबी खवट झालीय. आम्ही चार-पाच मासे उलटसुलट करून एक साडेतीनशे ग्रॅमचं निवडतो, तीनशे पंच्याऐंशी रुपये. भाच्याला दिलेला शब्द राहिला.

त्याच पेटीत सुरमईचा ओंडका आहे. दुकानदार तो करवतीखाली धरतो. मी आधी कातडी दाखवायला सांगतो. चंदेरी करडी, उभे नागमोडी पट्टे, खवले जवळजवळ नाहीतच. हे पाहून घ्यायचं, कारण तुकडे पडले की कुपाही सुरमई म्हणून खपतो. कुपाच्या तुकडीत मणक्याच्या दोन्ही बाजूंना गडद लाल मांसाचे पट्टे असतात. सुरमईचं मांस फिकट करडं, घट्ट, आणि मधोमध एक मणका. तो बाजूला काढला की सहा वर्षांच्या पोरालाही बिनधास्त वाढावं. नऊशे रुपये किलो, चार तुकड्या सहाशे ग्रॅम, पाचशे चाळीस झाले. सुरमईची एक खोड मात्र आहे. ती उन्हात ढिली पडली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंग खाजणं, जिभेला झिणझिण्या, हे त्याचंच. नांदेडच्या जूनमध्ये सुरमई पिशवीत घालून तासभर बाजार करत फिरू नये. आम्ही ती सगळ्यात शेवटी, बर्फासकट घेतो.

कारण अजून रोहू घ्यायचाय, आणि तिथं वेळ जातो. कोपऱ्यातल्या मावशींकडे दोन ढीग आहेत. एक खोक्यातला, आंध्राचा. कोल्लेरूच्या बाजूच्या तळ्यांत वाढलेला, रातोरात ट्रकनं आलेला. दुसरा विष्णुपुरीच्या पाण्यातला. गंमत आहे, नांदेडवरून गेलेली गोदावरी ज्या मुलखात समुद्राला मिळते, त्याच्या आसपासचा मासा पुन्हा नांदेडला विकायला येतो. लातूरला तर हाच आधार. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तेव्हा मांजरा धरणात माशाला तरी पाणी कुठं होतं? त्या काळात आमच्याकडे जो रोहू यायचा तो बाहेरचाच.

“नदीची घ्या दादा, चव हाय तिला,” मावशी म्हणतात. चव असते, पण जूनमध्ये पाणी आटून खाली गेलेलं असतं, शेवाळ वाढलेलं असतं, आणि मग मांसाला चिखलाचा वास येतो. तो चिखलाचा नसतो. पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ नि जिवाणू जो पदार्थ तयार करतात त्याचा असतो. मी कल्ला उघडून हुंगतो. आहे थोडा वास, घालवता येण्याइतका. एक किलो नऊशे ग्रॅमचा मासा दोनशेच्या भावानं घेतो. छोटा घेत नाही. रोहूच्या पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले काटे असतात. अर्धा किलोच्या माशात ते केसासारखे बारीक असतात आणि घशात बसतात. दोन किलोच्या माशात तेच काटे जाड होतात, बोटाला लागतात, काढून ताटाच्या कडेला ठेवता येतात.

मावशी खवले उडवतात, पोट फाडतात, पित्ताची हिरवी पिशवी न फोडता उचलून टाकतात. ती फुटली की सगळा मासा कडू. “डोकं?” “द्या, डोकं पाहिजेच.” मी पोटाकडचे तुकडे वेगळे बांधायला सांगतो. तिथं फक्त बरगडीचे मोठे काटे असतात, ते मुलांना. तुकड्या भरल्या एक किलो दोनशे ग्रॅम, डोकं वेगळं. तीनशे ऐंशी रुपयांचा हा मासा म्हणजे तुकड्यांच्या हिशोबानं किलोला साधारण तीनशे सतरा रुपये, रश्शाला डोकं फुकट.

बासा आक्का किराण्याच्या मोठ्या दुकानातून घेते. किलोचं पाकीट, चारशे वीस. पांढऱ्याशुभ्र, काटा नसलेल्या पट्ट्या. खरं तर याच जातकुळीचा मासा मघाशी मावशींच्या शेजारी दीडशे रुपयांना पडला होता, मिशीवाला, बिनखवल्याचा पंगस. व्हिएतनामहून पट्ट्या होऊन आला की बासा. घरी चाळणीत ठेवून बर्फ उतरला तेव्हा काट्यावर आठशे वीस ग्रॅम राहिलं. म्हणजे खऱ्या माशाचा भाव पाचशे बारा पडला, रोहूच्या तुकड्यांहून बराच वर. पाकिटावर बर्फ वगळून वजन किती ते लिहिलेलं असतं, आक्कानं आजपर्यंत ते वाचलं नव्हतं.

दुपारी स्वयंपाकघरात दोन तवे आणि एक पातेलं. रोहूला आधी मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात वीस मिनिटं ठेवून, मग धुतलंय. आंबटानं तो वास मोडतो. पाठीच्या तुकड्यांना आक्का सुरीनं अगदी जवळजवळ चिरा देते आणि भरपूर तेलात कडक तळते. चिरांमधून तेल आत गेलं की बारीक काटे कुरकुरीत होतात. बाकीचे तुकडे तेलातून नुसते काढून घेतले, म्हणजे रश्शात फुटत नाहीत. रस्सा आमचा मराठवाड्याचा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, काळा मसाला, चिंच. डोकं आधी उकळायला टाकलंय, त्यानं रश्शाला दाटपणा येतो. या तिखटापुढे टिकतो तो रोहूच.

सुरमईच्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर. एका बाजूला तीन-चार मिनिटं, उलटायची एकदाच. बाहेरून खरपूस, आत पांढरी, रसाळ. रश्शात घातली असती तर पाच-सात मिनिटांत उतरवावी लागली असती, जास्त झाली की कापसासारखी कोरडी होते.

बासा तव्यावर टाकल्याबरोबर तडतडतो, पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी शिजायला लागतो. दुसरी खेप आक्का फडक्यानं दाबून कोरडी करते, बेसनात घोळवून कढईत सोडते. आता जमलं, पण चव बेसनाची नि लसणाची. माशाची म्हणून काही नाही. एक पट्टी रश्शात सोडून पाहिली, तिचा चुरा झाला.

पापलेट शेवटी. दोन्ही बाजूंना तिरप्या चिरा, रव्यात घोळून अख्खं. मधला काटा एका ओढीत निघतो, बारीक काटा नाहीच, हा त्याचा मोठेपणा गोठलं तरी जात नाही. मांसाचा तो लोण्यासारखा गुळगुळीतपणा मात्र अर्धा गेलाय. भाचा म्हणतो, “मामा, सुरमई जास्त चांगली लागायली की!” आक्का त्याला गप्प करत नाही, कारण ताटात सगळ्यांची दुसरी तुकडी सुरमईचीच आहे. बासा आक्काच्या लहानगीनं संपवला. तिला काट्याची भीती वाटते आणि माशाचा वासही नको असतो, तिच्यासाठी तो ठीक.

पातेल्यात रस्सा उरला नाही. जूनमध्ये नांदेड-लातुरात भाकरीबरोबर खायचं असेल तर दीड-दोन किलोचा रोहू घ्यावा, तळायला सुरमई. पापलेटचे पैसे दिवाळीनंतरच्या थंडीसाठी राखून ठेवावेत, तेव्हा बर्फातलं ताजं येतं. आणि दोनशेच्या आत कुणी पापलेट देऊ लागलं, तर पिशवी उघडण्याआधी त्याचं तोंड उघडून दात बघा.