अनुस्वार गेला कुठे?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. वाचनालयातले जुने दिवाळी अंक ते टेसरॅक्टमधून काढताहेत. अक्षरं छान येतात, पण ‘त्यांचा’चं जिथे तिथे ‘त्याचा’ होतं. शुद्धलेखन तपासूनही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

सोबत त्यांनी एक स्कॅन आणि आपला प्रोग्रॅम धाडला होता. चोर त्यातच होता:

```
img = cv2.medianBlur(img, 5)
```

कागदावरचे बारीक डाग घालवायला त्यांनी ही ओळ घातली. हा मीडियन फिल्टर प्रत्येक पिक्सेलभोवती ५ × ५ ची चौकट धरतो, तिच्यातले २५ पिक्सेल उजेडाच्या क्रमाने लावतो आणि मधला, म्हणजे तेरावा, उचलतो. काळ्या-पांढऱ्या छपाईत हे सरळ बहुमत झालं: चौकटीत १३ काळे असतील तरच मधला पिक्सेल काळा राहणार.

आता अनुस्वार मोजू. त्यांच्या अंकात तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आहे. स्कॅन १५० डीपीआयचं, म्हणजे तो तीन पिक्सेल रुंद, फार तर नऊ काळे पिक्सेल. शिरोरेषेपासून सुटा असला की तेराची मजल तो गाठतच नाही, सबंध पुसला जातो. कानाही तीनच पिक्सेल जाड, पण तो उभा लांब असल्यामुळे चौकटीत त्याचे पंधरा पिक्सेल येतात आणि तो टिकतो. म्हणून तर बाकीची अक्षरं इतकी नीट दिसतात. चौकट ३ × ३ ची केली तर पाच लागतात. मग ठिपक्याचे कोपरे झिजून अधिकचिन्हासारखं काहीतरी उरतं. छपाई फिकट असून ठिपका दोनच पिक्सेलचा असेल, तर तोही गेला.

मी त्यांना तेच पान ३०० डीपीआयने, ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करायला आणि ती ओळ काढून टाकायला सांगितलं. आता अनुस्वार सहा पिक्सेलचा होतो, क्षेत्रफळ साधारण २८ पिक्सेल. डाग फारच असतील तर फिल्टर न लावता काळे-पांढरे केलेल्या चित्रातले सुटे ठिपके शोधावेत आणि आठ पिक्सेलांहून लहान असलेले तेवढेच पुसावेत. अनुस्वाराएवढा डाग मात्र आकारावरून ओळखता येत नाही. तो मी राहू देतो. जादा ठिपका प्रूफ वाचताना डोळ्यांना खुपतो; गेलेला अनुस्वार दिसतच नाही.

पडताळा घ्यायचा तर एक पान हाताने टाइप करा आणि दोन्ही मजकुरांवर हे चालवा:

```
print(text.count("ं"))
```

आकड्यांत मोठी तफावत आली, की आधी सफाईच्या पायऱ्या एकेक करून बंद करून पाहा.