‘लेस’ की ‘फ्युअर’? एका शब्दाने फिरणारा रिपोर्ट

‘धिस वीक लेस डॅमेज्ड बोल्स फाउंड.’ वणी किंवा पांढरकवड्याकडे कपाशीच्या सर्व्हेवर असलेल्या एखाद्या पोराने पुण्याच्या ऑफिसला असा ई-मेल पाठवला, असं समजा. त्याला सांगायचंय, ‘या आठवड्यात किडकी बोंडं कमी सापडली.’ वाचणारा मात्र म्हणू शकतो, ‘म्हणजे बोंडं किडलीच आहेत, फक्त थोडी कमी किडली आहेत.’ ओळ एकच, पण बातम्या दोन!

याचं कारण आपल्या मराठीतच आहे. आपण ‘पाऊस कमी’ म्हणतो आणि ‘माणसं कमी’ही म्हणतो. ‘किती कापूस?’ आणि ‘किती गाठी?’ यातही ‘किती’ तोच. इंग्रजी इथे दोन खाती ठेवते. एक, दोन, तीन असं मोजता येतं त्याला ‘मेनी’ आणि ‘फ्युअर’. जे मोजायला काटा किंवा माप लागतं, त्याला ‘मच’ आणि ‘लेस’. म्हणून हाऊ मच कॉटन, पण हाऊ मेनी बेल्स.

नुसत्या नामापुढे ‘लेस बेल्स’ लिहिलं तर फार बिघडत नाही, वाचणारा समजून घेतो. घोळ होतो तो मध्ये विशेषण आलं की. ‘फ्युअर डॅमेज्ड बोल्स’मध्ये ‘फ्युअर’ बोंडांना लागतो, म्हणजे किडकी बोंडं संख्येने कमी. ‘लेस डॅमेज्ड बोल्स’मध्ये ‘लेस’ सहज ‘डॅमेज्ड’ला चिकटतो, म्हणजे प्रत्येक बोंडाचं नुकसान कमी. ‘मेनी’ आणि ‘मच’चंही तसंच. पहिल्याने पुष्कळ बोंडं किडकी, दुसऱ्याने बोंडं फार किडलेली.

मग फरक काय पडतो?

गुलाबी बोंडअळीत पडतो. अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरलेलं छिद्र बुजून जातं. बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं, म्हणून फोडूनच बघावं लागतं. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडायची आणि फोडायची. त्यातल्या 2 बोंडांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं, म्हणजे 10 टक्के झाले, की फवारणीची वेळ आली असं मानतात.

आता दोन शेतं घ्या. पहिल्यात मागच्या आठवड्यात 20 पैकी 5 बोंडं किडकी होती, या आठवड्यात 3 आहेत. इथे ‘फ्युअर’ बरोबर. दुसऱ्यात किडकी बोंडं अजूनही 5च, पण आधी एकेका बोंडाचे तीन-तीन कप्पे खराब होते, आता एकेकच आहे. इथे ‘लेस डॅमेज्ड’ बरोबर. फवारणीची मर्यादा बोंडांच्या संख्येवर आहे, कप्प्यांवर नाही. त्यामुळे कोणता ‘कमी’ म्हणायचाय, हे कळायलाच हवं.

पण गंमत बघा, पहिल्या शेतात ‘फ्युअर’ अगदी बरोबर लिहूनही काम भागत नाही. 20 पैकी 3 म्हणजे 15 टक्के. बोंडं कमी झाली, तरी मर्यादेच्या वरच! व्याकरण बरोबर आणि निर्णय चूक, असं होऊ शकतं. ‘मोअर’ तर इंग्रजीतही दोन्हीकडे चालतो. ‘मोअर डॅमेज्ड बोल्स’ म्हणजे जास्त बोंडं की जास्त किडलेली, हे इंग्रजालाही कळणार नाही. तिथे आकडाच वाचवतो.

आकडा आला की ‘फ्युअर’च?

नाही. ‘50 क्विंटल’ दिसायला आकडा आहे, पण आपण क्विंटल एकेक करून मोजत नाही. तो सगळा मिळून एक ढीग असतो. म्हणून लेस दॅन 50 क्विंटल्स. रुपये, किलोमीटर, तास यांनाही बहुतेक वेळा ‘लेस दॅन’च. गाठी, सापळे, शेतकरी मात्र सुटे मोजले जातात, तिथे फ्युअर दॅन 50.

पावसात तर दोन्ही लागतात. हवामान खातं 24 तासांत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. दिवस घटले तर ‘फ्युअर रेनी डेज’, पाणी घटलं तर ‘लेस रेन’. चार दिवसांत धो-धो पडून गेला, तर पहिलं खरं आणि दुसरं खोटं असू शकतं.

तसा हा नियम दगडावरची रेघ नाही. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने ‘संख्येला फ्युअर बरं वाटतं’ असं मत मांडलं आणि पुढे त्याचाच नियम झाला. बोलताना इंग्रजही ‘लेस’ सर्रास वापरतात. रिपोर्ट वाचणारा मात्र समोर नसतो, ‘म्हणजे काय रे?’ असं लगेच विचारायला.

सेंड दाबण्याआधी

‘कमी’ कशाला लागतंय ते आधी मराठीत पूर्ण वाक्यात म्हणा: ‘किडक्या बोंडांची संख्या कमी’ की ‘बोंडांचं नुकसान कमी’. संख्या असेल तर ‘फ्युअर’, नुकसान असेल तर सरळ ‘लेस डॅमेज पर बोल’. आणि शेजारी दोन्ही आठवड्यांचे आकडे: ‘3 आउट ऑफ 20, लास्ट वीक 5 आउट ऑफ 20’. मग पुण्याहून उलटा फोन येणार नाही.