भाताचे वजन : कच्चे की शिजलेले?

साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षिकेला रक्तातील साखर वाढल्याने डॉक्टरांनी दुपारी शंभर ग्रॅम भात घेण्यास सांगितले. बाईंनी डिजिटल काटा आणला. रिकामे पातेले ठेवून त्या आकडा शून्यावर आणत आणि शंभर ग्रॅम तांदूळ मोजून शिजवत. तरी जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली साखर चढलेलीच असे.

पुढच्या तपासणीत कारण सापडले. डॉक्टरांचे माप शिजलेल्या भाताचे होते. तांदूळ शिजताना पाणी शोषून अडीच-तीन पट जड होतो. कर्बोदके मात्र वाढत नाहीत. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात ती सुमारे ७८ ग्रॅम, तेवढ्याच वजनाच्या भातात जवळपास २८. बाई जवळजवळ तिप्पट खात होत्या.

आता त्या ताटली काट्यावर ठेवून भात वाढतात. वाटीवर विसंबत नाहीत, कारण दाबून भरलेल्या वाटीत बराच जास्त भात मावतो. भाकरीचे मात्र पीठच मोजतात. तव्यावर पाणी किती उडेल, याचा नेम नसतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर भात एकदम घटवल्याने साखर धोकादायक उतरू शकते. म्हणून माप बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावेच लागते.