घरच्या इंटरनेटवर लष्कराच्या भाकऱ्या

व्हिडिओ कॉलवर पलीकडचा माणूस आपल्याला स्वच्छ दिसतो, नीट ऐकू येतो. पण तिकडून मात्र ‘तुझा आवाज तुटतोय’ असं सारखं सांगितलं जातं. अशा वेळी आपण वाय-फायला शिव्या घालतो, राउटर बंद करून पुन्हा चालू करतो. पण येणारं सगळं ठीक आणि जाणारं तेवढं अडखळत असेल, तर अडचण अपलोडमध्ये आहे. आणि घरात विंडोजचा संगणक असेल, तर पहिली चौकशी त्याच्याकडे करावी.

जुलै 2015मध्ये विंडोज 10 आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यात Delivery Optimization नावाची सोय घातली. अपडेटची फाइल प्रत्येकाने कंपनीच्या सर्व्हरवरून आणण्याऐवजी तिचे तुकडे संगणकांनी एकमेकांकडून घ्यावेत, अशी ही योजना. तुमच्या संगणकावर उतरलेले तुकडे काही दिवस राखून ठेवले जातात आणि कोणी मागितले की पाठवले जातात. घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपला पाठवले तर उत्तमच, तेच अपडेट दोनदा उतरवावं लागत नाही. पण होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये सुरुवातीपासूनच इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही तुकडे देण्याचा पर्याय चालू करून ठेवलेला होता. मोठ्या कंपन्यांसाठीच्या एंटरप्राइज आवृत्तीत मात्र तो स्थानिक नेटवर्कपुरताच होता. घरगुती ग्राहकाला कोणी विचारलं नाही, ही माझ्या मते या योजनेतली खरी खोट.

यात तुमचे फोटो किंवा कागदपत्रं बाहेर जात नाहीत. तुकडा खरा आहे की नाही हेही तपासलं जातं, त्यामुळे व्हायरसची धास्ती नको. खर्च होतो तो फक्त अपलोडचा.

आणि तोच अनेक घरांत तोकडा असतो. फायबरवर अपलोड बहुधा ऐसपैस मिळतं. पण टेलिफोनच्या तारेवरच्या जुन्या ब्रॉडबँडवर किंवा गावाकडच्या मोबाइल हॉटस्पॉटवर ते डाउनलोडच्या मानाने अगदीच थोडं असू शकतं. समजा, ते 1 एमबीपीएस आहे. संगणकाने अर्धा जीबी अपडेट बाहेर पाठवायचं ठरवलं, तर एवढी लाइन पूर्ण वापरूनही तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ तुमच्या आवाजाला त्याच रांगेत उभं राहावं लागतं. गंमत म्हणजे डाउनलोडही मंदावतं. आलेल्या माहितीची पोच आपला संगणक सतत परत पाठवत असतो, आणि पोच रांगेत अडकली की पलीकडचा सर्व्हर पाठवण्याचा वेग कमी करतो. वापरावर मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये अपलोडही मोजलं जात असेल, तर त्या हिशेबातही ही भर पडते.

खात्री करणं सोपं आहे. विंडोज 11मध्ये Settings, मग Windows Update, Advanced options आणि Delivery Optimization असं जा. विंडोज 10मध्ये हेच Update & Security खाली सापडेल. तिथल्या Activity monitor मध्ये या महिन्यात इंटरनेटवरच्या संगणकांना किती पाठवलं आणि घरातल्यांना किती, याचे वेगवेगळे आकडे दिसतात. इंटरनेटचा आकडा शून्य असेल, तर संशय सोडा. दोष दुसरीकडे आहे. फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतील, तरी लक्षणं हीच असतात.

आकडा मोठा असेल, तर त्याच पानावर इतर संगणकांकडून डाउनलोड घेण्याचं जे बटण आहे, त्याखाली फक्त स्थानिक नेटवर्कचा पर्याय निवडा. घरात एकच संगणक असेल, तर बटण सरळ बंद करा. अपडेट मिळणं थांबत नाही, ते थेट मायक्रोसॉफ्टकडून येतं.

महिन्याच्या अपलोडवर मर्यादा घालणारी एक पट्टीही तिथे आहे. ती 500 जीबीपर्यंत सरकते. आपल्या 1 एमबीपीएसच्या लाइनवरून तीस दिवस अहोरात्र पाठवत राहिलं, तरी 324 जीबीच जातील. म्हणजे पट्टी वरच्या टोकाला असली, तर ती असून नसल्यासारखीच.

कनेक्शन metered ठरवलं, तरी हे वाटप थांबतं. पण मग बरीचशी अपडेट्सही थांबून राहतात. सुरक्षेची अपडेट्स लांबवून अपलोड वाचवणं हा काही शहाणा व्यवहार नाही, त्यापेक्षा वरचं बटणच बरं. आणि घरात एकाहून अधिक संगणक असतील, तर ते प्रत्येकावर वेगळं तपासा. एका संगणकावर केलेला बदल दुसऱ्याला लागू होत नाही.